रिपोर्टवर ‘पॉझिटिव्ह’ लिहिलंय, पण ऑपरेशनची तारीख एवढ्यात घेऊ नका

*“माझ्या मिस्टरांना (वय ४४) सात वर्षांपासून ॲसिडिटी आहे. पॅन्टोप्राझोलने जळजळ बरीच कमी होते, पण वाकलं किंवा आडवं झालं की आंबट पाणी तोंडात येतं. कधीकधी भाकरीचा घास छातीत अडकतो. एन्डोस्कोपीत ‘एलए ग्रेड ए, लहान हायटस हर्निया’ आलं. सर्जननी दुर्बिणीतून ऑपरेशन सुचवलं आणि नाकातून नळी घालून प्रेशरची व २४ तासांची टेस्ट करून घेतली. गोळी दोन दिवस आधी बंद केली होती. ॲसिड एक्स्पोजर ४.६ टक्के, डिमीस्टर स्कोअर २०.४, शेवटी ‘पॉझिटिव्ह’. माझ्या मोठ्या दिरांचं हेच ऑपरेशन झालं तेव्हा २४ तासांची टेस्ट केलीच नव्हती, मग यांना कशाला? आणि आता पॉझिटिव्ह आलंय तर ऑपरेशन करून टाकावं का? दोघांचेही रिपोर्ट सोबत पाठवतेय.”*
*— सौ. स. प., नाशिक*

ताई, ऑपरेशन करूच नका असं मी म्हणत नाही. कदाचित ते करावंही लागेल आणि त्याचा चांगला उपयोगही होईल. पण हातात आलेल्या २४ तासांच्या रिपोर्टवरून तो निर्णय घेता येत नाही. का ते सविस्तर सांगते, म्हणजे सर्जनशी बोलताना तुम्हाला नेमकं काय विचारायचं ते कळेल.

आधी तुमच्या दिरांचं. त्यांच्या एन्डोस्कोपीच्या कागदावर ‘एलए ग्रेड सी’ लिहिलंय. म्हणजे अन्ननलिकेच्या आतल्या अस्तराला पडलेल्या जखमा घड्यांच्या वरून एकमेकींना जोडल्या गेल्या होत्या. असं पोटातलं ॲसिड खरोखर आणि बराच काळ वर येत असल्याशिवाय सहसा होत नाही. ग्रेड सी किंवा डी, बायोप्सीत सिद्ध झालेलं बॅरेट्स, म्हणजे ॲसिडमुळे अस्तराचा प्रकारच बदलणं, किंवा ॲसिडने आक्रसून अरुंद झालेली नलिका, यातलं काही दिसलं तर रिफ्लक्स, म्हणजे पोटातलं ॲसिड वर येणं, तिथेच सिद्ध होतं. २०२४ साली छापून आलेल्या, तज्ज्ञांच्या ‘लियॉन’ सहमतीने तर ग्रेड बीसुद्धा पुरावा म्हणून मान्य केला आहे. अशा माणसाला २४ तास नळी लावून पुन्हा तेच सिद्ध करायची गरज नसते. तुमच्या मिस्टरांची गोष्ट वेगळी आहे. ग्रेड ए म्हणजे अस्तरावर पाच मिलीमीटरपेक्षा लहान ओरखडा, आणि तो काहीही तक्रार नसलेल्या माणसांतही सापडतो. लहान हायटस हर्नियाचं, म्हणजे पोटाचा थोडा भाग छातीत सरकण्याचंही तसंच. तो आहे म्हणून ॲसिड वर येतंच असं नाही. एन्डोस्कोपीने प्रश्न सुटला नाही, म्हणून यांना २४ तासांची टेस्ट सांगितली. ते सर्जननी अगदी योग्य केलं.

प्रेशरची टेस्ट, म्हणजे मॅनोमेट्री, मात्र झडप आवळायच्या या ऑपरेशनआधी दोघाही भावांची व्हायला हवी. रिफ्लक्स सिद्ध झाला असला तरीही. याचं मुख्य कारण अकॅलेशिया नावाचा आजार आहे. त्यात अन्ननलिकेच्या खालच्या टोकाची झडप घास गिळल्यावर उघडतच नाही आणि वरच्या स्नायूंची लाटही संपलेली असते. खाल्लेलं वरच साचून राहतं, तिथेच आंबतं, छातीत जळजळतं आणि रात्री आडवं झालं की तोंडात येतं. बाहेरून ऐकताना ही ‘ॲसिडिटी’च वाटते. सुरुवातीच्या काळात एन्डोस्कोपीही नॉर्मल येऊ शकते. अशा माणसाची आधीच न उघडणारी झडप रिफ्लक्स समजून ऑपरेशनने आणखी आवळली, तर त्याला पाणीही खाली उतरवणं जड जातं. ते पुन्हा सोडवणं फार अवघड असतं. दुसरं कारण म्हणजे स्क्लेरोडर्मासारख्या आजारात अन्ननलिकेतली लाट पूर्णपणे नाहीशी झालेली असू शकते. तिथे पोटाचा वरचा भाग नलिकेभोवती पूर्ण ३६० अंशांत गुंडाळायचा, म्हणजे निसेन करायचं, तर घास ढकलायलाच कुणी उरत नाही.

फार मोठा हर्निया असला आणि पोट छातीत वर सरकलेलं असलं तर नळी नीट खाली जात नाही. तिथे बेरियमचा एक्स-रे बघून सर्जन पुढे जातात, ते ठीक आहे. यांच्या बाबतीत तो प्रश्न नाही.

आता मॅनोमेट्रीचा रिपोर्ट वाचू या. नाकपुडीत बधिर करणारी जेली लावून बारीक नळी घालतात, हनुवटी खाली करून पाण्याचे घोट घ्यायला लावतात आणि नळी पोटापर्यंत उतरते. मग झोपवून सिरिंजने तोंडात पाच मिलीलीटर पाणी घालतात आणि ‘गिळा’ म्हणतात. असे दहा घोट. नळीवर सेंटीमीटर-सेंटीमीटरला सेन्सर असतात. स्क्रीनवर कमी दाब निळा आणि जास्त दाब लाल-जांभळा दिसतो. नॉर्मल घोट गिळला की वर घशाशी एक लाल ठिपका चमकतो, तिथून एक तिरका पट्टा खाली उतरत जातो, आणि तो पोहोचायच्या आधीच खालच्या झडपेचा आडवा पट्टा फिका होतो. हे फिकं होणं म्हणजे झडप सैल होणं. ती किती सैल झाली ते ‘आयआरपी’ या आकड्यात येतं. नेहमीच्या सॉलिड-स्टेट नळीवर झोपून केलेल्या टेस्टमध्ये तो १५ मिलीमीटरपर्यंत ठीक धरतात. पाण्याच्या धारेवर चालणाऱ्या मशीनची मर्यादा वेगळी असते, ती त्या लॅबने रिपोर्टातच छापलेली असते. यांचा आयआरपी ११ आहे, आणि दहापैकी सात घोटांत लाट नीट खाली उतरली आहे. म्हणजे अकॅलेशिया नाही. हे नक्की झालं ही फार मोलाची गोष्ट आहे.

उरलेल्या तीन घोटांपैकी दोन ‘वीक’ आणि एक ‘फेल्ड’ आहे. ते वाचून घाबरू नका. लाटेचा जोर ‘डीसीआय’ या आकड्याने मोजतात. तो ४५०च्या खाली गेला की घोट वीक, आणि १००च्या खाली गेला की फेल्ड. पण अन्ननलिकेची हालचाल कमजोर आहे असा शिक्का मारायला सत्तर टक्क्यांहून जास्त घोट कमजोर असावे लागतात, किंवा निम्मे तरी पूर्ण फसलेले. दहात तीन हे नॉर्मल माणसातही दिसतं. त्यांनी शेवटी पाणी भराभर पाच वेळा गिळायला लावलं आणि त्यानंतर लाट जोरात आली असंही लिहिलंय. स्नायूंत राखीव ताकद आहे, याची ती खूण. उद्या ऑपरेशन ठरलंच तर मॅनोमेट्रीची आडकाठी नाही. पूर्ण ३६० अंशांचं निसेन करायचं की मागून २७० अंशांचं तूपे, हे सर्जनच्या हातावर आणि पसंतीवर सोडा. घास अडकायची तक्रार आहे म्हणून माझा कल तूपेकडे राहील.

घास अडकतो म्हणता, त्याचं उत्तर मात्र या रिपोर्टात नाही. एन्डोस्कोपीच्या वेळी अन्ननलिकेच्या वरच्या आणि खालच्या भागातून बायोप्सी घेतली होती का, ते विचारा. कागदावर तरी दिसत नाही. इओसिनोफिलिक इसोफॅजायटिस नावाच्या ॲलर्जीसारख्या आजारात घास अडकतो, थोडी जळजळ होते, आणि डोळ्यांना अस्तर चक्क नॉर्मल दिसू शकतं. बायोप्सीशिवाय तो कळत नाही आणि ऑपरेशनने तो बरा होत नाही.

आता खरा प्रश्न, २४ तासांच्या टेस्टचा. अन्ननलिकेत खालच्या झडपेच्या पाच सेंटीमीटर वर पीएच मोजणारा सेन्सर ठेवलेला असतो. ही जागा मॅनोमेट्रीने मोजूनच ठरवावी लागते. अंदाजाने नळी ठेवली आणि सेन्सर हर्नियात उतरला, तर तो अन्ननलिकेतलं नव्हे, पोटातलंच ॲसिड मोजत बसतो आणि आकडा फुगतो. तुमच्या लॅबने मॅनोमेट्रीनंतर लगेच नळी लावली आहे, तेव्हा ती शंका नको. पीएच चारच्या खाली गेला की ॲसिड वर आलं असं मोजतात, आणि एकूण वेळेच्या किती टक्के वेळ तो खाली होता, तो झाला ॲसिड एक्स्पोजर टाइम. चार टक्क्यांच्या आत असेल तर नॉर्मल. सहा टक्क्यांच्या वर असेल तर रिफ्लक्स सिद्ध. चार ते सहाच्या मधे असेल तर हो किंवा नाही म्हणता येत नाही, इतर गोष्टी बघाव्या लागतात. ४.६ टक्के हा आकडा त्या मधल्या पट्ट्यात बसतो.

मग ‘पॉझिटिव्ह’ कुठून आलं? डिमीस्टर स्कोअरवरून. हा जुना स्कोअर, १९७० च्या दशकातला, आणि १४.७२ च्या वर गेला की तो पॉझिटिव्ह मानतात. तो सहा गोष्टी एकत्र करून काढतात: एकूण वेळ, उभं असतानाचा वेळ, आडवं असतानाचा वेळ, किती वेळा ॲसिड आलं, पाच मिनिटांहून जास्त टिकलं असं किती वेळा, आणि सर्वात लांबचा प्रसंग किती मिनिटांचा. आता तुमच्या रिपोर्टाचं तिसरं पान उघडा. रेकॉर्डिंग साडेबावीस तासांचं, म्हणजे १३५० मिनिटांचं. त्यात एकूण ६२ मिनिटं पीएच चारच्या खाली होता. त्या ६२ पैकी २६ मिनिटं ही एकाच प्रसंगाची आहेत, रात्री दीडच्या सुमाराची, झोपेतली. रात्री आडवं असण्याचा वेळ सात तास. त्यामुळे त्या एका प्रसंगाने ‘आडवं असताना’चा आकडा जवळजवळ सात टक्क्यांवर नेला, जो साडेतीनच्या आत असायला हवा. सर्वात लांब प्रसंगाची मर्यादाही वीस मिनिटांच्या आसपास असते, तीही ओलांडली. मी ते गणित मांडून पाहिलं. २०.४ पैकी निम्मा स्कोअर या दोनच गोष्टींतून आलाय. ती २६ मिनिटं वगळली तर एक्स्पोजर २.७ टक्क्यांवर येतं आणि स्कोअर दहाच्या आत जातो.

ती २६ मिनिटं खोटी आहेत असं मात्र समजू नका. झोपेत आपण थुंकी फारशी गिळत नाही, त्यामुळे वर आलेलं ॲसिड धुऊन खाली जायला वेळ लागतो आणि असे लांब प्रसंग खऱ्या रिफ्लक्समध्येही दिसतात. डायरीत त्या रात्रीचं जेवण साडेदहाला लिहिलंय आणि झोप सव्वाअकराला. रोज असंच होतं का, की त्याच दिवशी उशीर झाला, हे तुम्हालाच माहीत. त्या प्रसंगाचा आलेख मात्र लॅबकडून मागवून घ्या आणि डॉक्टरांना दाखवा. खरा रिफ्लक्स असेल तर पीएचची रेघ सरळ खाली कोसळते, सहावरून दोनवर, आणि त्याआधी इम्पिडन्सच्या, म्हणजे नळीलगत द्रवाची ये-जा टिपणाऱ्या, रेषांत द्रव खालून वर चढताना दिसतो. अन्न साचून आंबत असेल तर रेघ हळूहळू, घसरत घसरत चारच्या जराशी खाली जाऊन रेंगाळते. अकॅलेशियात हे दुसरं चित्र दिसतं आणि मशीन त्याला बिनदिक्कत ‘रिफ्लक्स’ म्हणून मोजतं. यांची मॅनोमेट्री नॉर्मल आहे म्हणून तशी शक्यता कमी, पण सॉफ्टवेअरने काढलेले आकडे डोळ्यांनी तपासल्याशिवाय कुणी सही करू नये, असं माझं ठाम मत आहे.

दुसरी गोष्ट उलट दिशेने ओढणारी आहे. गोळी दोनच दिवस बंद होती. पॅन्टोप्राझोलचा परिणाम इतक्या लवकर ओसरत नाही. रिफ्लक्स आहे की नाही हेच शोधायचं असेल तेव्हा ही गोळी सात दिवस आधी बंद लागते. म्हणजे खरा आकडा ४.६ पेक्षा मोठाही असू शकेल. एका बाजूने एका रात्रीने आकडा फुगवला, दुसऱ्या बाजूने गोळीने दाबला. दोन्हीचा हिशेब करून खरं उत्तर कुणालाही काढता येणार नाही. म्हणून टेस्ट पुन्हा करायची. मॅनोमेट्री पुन्हा नको, फक्त २४ तासांची.

तिसरी गोष्ट बटणाची. नळीची नोंद ठेवणाऱ्या कमरेच्या डब्यावर त्रास झाला की दाबायचं बटण असतं. यांनी ते पाच वेळा दाबलं, त्यातल्या तीन वेळा आधीच्या दोन मिनिटांत रिफ्लक्स झाला होता. म्हणून सिम्प्टम इंडेक्स ६० टक्के, पन्नासच्या वर, म्हणजे पॉझिटिव्ह. पण हा जुळून आलेला योगायोग नाही ना, हे सांगणारा ‘एसएपी’ ९३ टक्के आहे आणि तो ९५ च्या वर हवा. पाच वेळा दाबलेल्या बटणावरून यातलं काहीच पक्कं म्हणता येत नाही.

पुन्हा टेस्ट करताना एवढं सांभाळा. पॅन्टोप्राझोल सात पूर्ण दिवस बंद. मधे दुसऱ्या कुणी रॅबेप्राझोल, इसोमेप्राझोल किंवा व्होनोप्राझान दिलं असेल तर तेही बंद. फॅमोटिडिन तीन दिवस आधी थांबवा. मधल्या काळात जळजळ उसळणार, कारण बरीच वर्षं दाबलेलं ॲसिड गोळी थांबवल्यावर काही दिवस जास्तच तयार होतं. त्याला पातळ अँटासिड चालतं, पण टेस्टच्या आदल्या दिवशी ते थांबवायचं. यांना ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल चालू असेल, किंवा कधी अल्सरमधून रक्तस्राव झाला असेल, तर मात्र गोळी बंद करण्याआधी डॉक्टरांशी बोला, स्वतःहून थांबवू नका.

नळी लागल्यावर घरात पडून राहायचं नाही आणि नुसता दूधभातही खायचा नाही. मागच्या डायरीत दिवसभर खिचडी आणि दूध दिसतंय. ज्या जेवणाने त्रास होतो ते जेवण, नेहमीच्या वेळेला, नेहमीच्या प्रमाणात घ्यायला सांगा. कामावर जाऊ द्या, वाकू द्या. फक्त दोन जेवणांच्या मधे कोकम सरबत, लिंबूपाणी, कोल्ड्रिंक घुटके घेत बसू नये. ते स्वतःच आंबट असतात, आणि जेवणाची वेळ सोडून प्यायलं की मशीन त्यालाही पोटातून वर आलेलं ॲसिड समजतं. खायला बसताना आणि उठताना जेवणाचं बटण, आडवं होताना आणि उठताना झोपेचं बटण, आणि जळजळ किंवा आंबट पाणी आलं की तिथल्या तिथे त्रासाचं बटण. वेळ डायरीतही लिहायची, पण भिंतीवरच्या घड्याळाची नको, डब्यावरची. डब्यात पाणी जाता कामा नये, त्यामुळे त्या दिवशी अंग पुसून घ्यायचं.

तुमच्या सर्जनना वायरलेस कॅप्सूल मिळते का विचारा. एन्डोस्कोपीच्या वेळी ती अन्ननलिकेच्या भिंतीला चिकटवतात, नाकात नळी राहत नाही, आणि ९६ तासांपर्यंत नोंद होते. काही दिवसांनी ती आपोआप सुटून पोटातून निघून जाते. यांच्यासारख्या, एका रात्रीवर निकाल अडकलेल्या माणसाला चार दिवसांची नोंद सर्वात उपयोगी. ती सगळीकडे मिळत नाही आणि महाग पडते, हे खरं. नाही मिळाली तर नीट तयारीने केलेली २४ तासांची नळीही पुरेल. कॅप्सूल लावलीच तर त्याच एन्डोस्कोपीत बायोप्सीही उरकून घ्या.

मग काय आलं तर काय करायचं? एक्स्पोजर सहाच्या वर आलं तर मी ऑपरेशनच्या बाजूने बोलेन. गोळीने जळजळ कमी होते आणि आंबट पाणी वर येणं थांबत नाही, अशा माणसाला या ऑपरेशनचा उपयोग चांगला होतो, कारण गोळी ॲसिड कमी करते, झडप बांधत नाही. चारच्या खाली आलं आणि एसएपी ९५ च्या वर असेल, तर ॲसिड नॉर्मल प्रमाणातच येतंय पण अन्ननलिका जास्त हळवी झाली आहे. तिथे पहिला उपाय मज्जातंतूंचा हळवेपणा कमी करणाऱ्या, कमी डोसच्या गोळ्यांचा आणि पोटाने श्वास घ्यायच्या व्यायामाचा असतो. चारच्या खाली आणि एसएपीही निगेटिव्ह, तर जळजळीचं कारण रिफ्लक्स नाही आणि चाकूला हात लावू नये. आणि पुन्हा चार ते सहामध्येच अडकलं तर इम्पिडन्सचे दोन आकडे बघतात. दिवसभरात रिफ्लक्स ८० हून जास्त वेळा झाला का, आणि अस्तर किती शाबूत आहे ते सांगणारा, रात्रीच्या शांत वेळेतला ‘एमएनबीआय’ १५०० ओहमच्या खाली आहे का. दोन्ही असतील तर पारडं रिफ्लक्सकडे झुकतं. मागच्या टेस्टमध्ये ५८ वेळा आणि २६५० ओहम आलंय, म्हणजे त्याने तरी रिफ्लक्सला दुजोरा मिळालेला नाही. अर्थात तेव्हाही अंगात गोळीचा अंमल होता.

सर्जनकडे जाताना दोन्ही टेस्टच्या रिपोर्टचं फक्त शेवटचं पान नेऊ नका. आलेखांची पानं किंवा पेन ड्राइव्हवरची पूर्ण फाइल, एन्डोस्कोपीचे फोटो, आणि यांनी कुठली गोळी कुठल्या तारखेपासून बंद केली त्याची चिठ्ठी, एवढं सोबत ठेवा. घास अडकणं वाढलं, वजन उतरायला लागलं किंवा शौचाला काळं झालं, तर टेस्टची वाट न बघता लगेच दाखवा.